तारीख, वार आणि भाताचा टोप

मुलींच्या वसतिगृहाची वॉर्डन म्हणून काम करताना मेसबद्दलच्या तक्रारींची एक जाड फाइल माझ्याकडे जमली होती. बहुतेक पत्रं एकाच साच्यातली असायची. ‘मेसचे जेवण अत्यंत निकृष्ट दर्जाचे असून शिळे अन्न वारंवार गरम करून वाढले जाते. तरी कृपया लक्ष घालावे.’ खाली ‘समस्त विद्यार्थिनी’ आणि पन्नास-साठ सह्या. मी मेसच्या कॉन्ट्रॅक्टरला बोलावून घ्यायची. तो विचारायचा, “मॅडम, कोणत्या दिवशी? कोणता पदार्थ?” त्याचं उत्तर पत्रात नसायचं आणि माझ्याकडेही नसायचं. दोन दिवस आमटी जरा घट्ट व्हायची, की पुन्हा पहिल्यासारखं सुरू.

मग एकदा दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीनं एकटीनं लिहिलेलं पत्र माझ्या टेबलावर आलं. तिचं नाव सांगत नाही. मजकूर मात्र जवळपास जसाच्या तसा देते, कारण तक्रार कशी लिहावी हे मी त्या पत्रातून शिकले.

‘प्रति, मा. वॉर्डन, मुलींचे वसतिगृह.

विषय : आदल्या रात्रीचा भात सकाळी पुन्हा गरम करून वाढला जात असल्याबाबत.

महोदया,

या महिन्यात नाश्त्याला चार वेळा फोडणीचा भात मिळाला. मंगळवार दि. 6, शुक्रवार दि. 9, मंगळवार दि. 13 आणि मंगळवार दि. 20. दि. 19 च्या रात्री 9.45 वाजता मी पाण्याची बाटली भरायला गेले, तेव्हा उरलेल्या भाताचा मोठा टोप झाकण ठेवून ओट्यावर होता. सकाळी 6.15 वाजता तो त्याच जागी होता आणि त्यातलाच भात काढून फोडणीला टाकत होते.

दि. 20 रोजी आमच्या मजल्यावरच्या 31 जणींनी नाश्ता केला. 22 जणींनी भात खाल्ला, 9 जणींनी फक्त चहा आणि ब्रेड घेतला. भात खाल्लेल्यांपैकी 7 जणींना सकाळी 10 ते दुपारी 12.30 या वेळात उलट्या झाल्या. ब्रेड घेतलेल्यांपैकी एकीलाही त्रास झाला नाही. दोघींना डॉक्टरांकडे न्यावे लागले. त्यांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती जोडल्या आहेत.

त्रास भातामुळेच झाला असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. परंतु उरलेला भात रात्री कुठे आणि कसा ठेवतात हे आपण स्वतः येऊन पाहावे. तो फ्रीजमध्ये ठेवण्याची सोय नसेल तर दुसऱ्या दिवशी वाढू नये. याबाबतचा निर्णय येत्या सोमवारपर्यंत मेसच्या फळ्यावर लावावा, ही विनंती.

आपली विश्वासू’

खाली नाव, खोली क्रमांक, सही.

‘निकृष्ट’ हा शब्द त्यात एकदाही नव्हता. चवीबद्दल अक्षर नव्हतं. कॉन्ट्रॅक्टरवर आरोपसुद्धा नव्हता. पण 22 आणि 9 या दोन आकड्यांपुढे मला बसून राहता येईना. एकाच मजल्यावरच्या, एकाच टाकीचं पाणी पिणाऱ्या मुली. चहा दोन्हीकडे होता. फरक होता तो भाताचा. साथ आली की आरोग्य खात्याची माणसं गावात जाऊन हेच विचारतात : कोणी काय खाल्लं, आणि ज्यांनी ते खाल्लं नाही त्यांचं काय झालं? आजारी पडलेल्यांची यादी सगळेच देतात. आजारी न पडलेल्यांची मोजणी या मुलीनं केली होती, आणि त्या पत्राचा सगळा जोर तिथं होता.

त्या रात्री मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून लांब दांडीचा थर्मामीटर मागून घेतला आणि मेसच्या स्वयंपाकघरात गेले. भात साडेसहाला शिजून उतरवला होता. साडेदहाला टोपाच्या वरच्या थराला हात लावला तर तो गार लागत होता. थर्मामीटर मधोमध खोल खुपसला, तर 54 अंश. टोप आहे तसा राहू दिला, मावशींना तो भात कुणाला वाढू नका म्हणून सांगितलं आणि पहाटे साडेपाचला परत गेले. तेव्हाही मध्यभागी 38 अंश होते, म्हणजे तापलेल्या माणसाच्या अंगाइतके. रात्रभर भात खराखुरा गार झालाच नव्हता.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण “आपण घरीही शिळ्या भाताला फोडणी देतोच की” असं कॉन्ट्रॅक्टरही म्हणाला आणि काही पालकही. ते खरंच आहे. फोडणीचा भात हा आपल्या घरोघरचा आवडता पदार्थ आहे. पण घरात उरतो तो वाडगाभर भात. तो तासाभरात निवतो आणि फ्रीजमध्ये जातो. मेसच्या टोपात दहा-बारा किलो भात असतो, वर झाकण. बाहेरचा थर निवला तरी आतली ऊब कोंडून राहते.

तांदळावर ‘बॅसिलस सीरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तो मातीतला जिवाणू आहे, शेतातून धान्याबरोबर येतो. भात शिजताना इतर जिवाणू मरतात, पण बीजाणूंचं कवच टणक असल्यामुळे ते उकळत्या पाण्यातूनही वाचतात. टोप कोमट झाला की ते रुजतात आणि जिवाणू भराभर वाढू लागतात. वाढताना त्यांच्यातले काही एक विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. 121 अंशांवर दीड तास तापवूनही ते टिकल्याचं आढळलेलं आहे. मग कढईतल्या पाच मिनिटांच्या फोडणीनं त्याचं काय होणार? सकाळी परतताना जिवाणू मरतात, विष तसंच राहतं. ते पोटात गेलं की अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होतात. मुलीनं लिहिलेली दहा ते साडेबारा ही वेळ आठच्या नाश्त्याशी नेमकी जुळत होती. म्हणून तक्रारीत त्रासाची वेळ लिहिणं फार महत्त्वाचं असतं. उलट्या न होता रात्री पोटात कळा येऊन जुलाब झाले असते, तर डाळ किंवा रश्श्याच्या खोल पातेल्यात वाढणाऱ्या दुसऱ्या जिवाणूकडे बोट गेलं असतं. त्याचा त्रास साधारण सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो.

वास घेऊन हे कळत नाही. आमटीला फेस येणं, उसळ बुळबुळीत होणं, आंबूस वास सुटणं ही अन्न बिघडल्याची लक्षणं आहेत, आणि तसं अन्न कुणी खातही नाही. घात करतं ते चवीला चांगलं लागणारं अन्न. “मी स्वतः खाऊन पाहिलं, चांगलं होतं” असं मेसवाले सांगतात तेव्हा ते बहुधा खोटं बोलत नसतात. पण त्यातून काही सिद्धही होत नाही.

अन्नसुरक्षेचे नियम याच ठिकाणी कामाला येतात. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा आहे आणि वसतिगृहाची मेसही त्यात येते. केटरिंगच्या तपासणीसाठी ‘एफएसएसएआय’ची जी यादी आहे, तिच्यानुसार वाढायचं गरम अन्न 65 अंशांवर ठेवावं लागतं. उरलेलं अन्न जपायचं असेल तर लहान लहान भाग करून तास-दोन तासांत फ्रीजमध्ये टाकावं लागतं. पुन्हा गरम करताना ते आतपर्यंत 75 अंशांना जाऊन किमान दोन मिनिटं तिथं राहिलं पाहिजे. गार आमटीत नुसतं उकळतं पाणी ओतणं चालत नाही. अन्न पुन्हा गरम करायला कायद्याची मनाई नाही. प्रश्न मधल्या रात्रीचा आहे. म्हणून ‘शिळं वाढता’ या तक्रारीला कॉन्ट्रॅक्टरकडे उत्तर असतं, ‘रात्रभर हे कुठं होतं?’ या प्रश्नाला नसतं.

आमच्या मेसमध्ये फ्रीज होता, पण त्यात दूध, भाज्या आणि पनीर कोंबलेलं असायचं. टोप मावण्याचा प्रश्नच नव्हता. मी कॉन्ट्रॅक्टरला पत्र दाखवलं, नाव झाकून. या वेळी त्यानं “कोणत्या दिवशी?” असं विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यानं त्याची अडचण सांगितली, आणि ती खरी होती. सोमवारी आणि गुरुवारी रात्री बऱ्याच मुली बाहेर जेवायच्या, पण खाडा आधी कुणी सांगायचं नाही. स्वयंपाक दीडशे पानांचा व्हायचा, जेवायला शंभर-सव्वाशे यायच्या. उरलेला भात टाकला तर नुकसान त्याचं. पत्रातल्या तारखा पुन्हा पाहिल्या तर तीन मंगळवार आणि एक शुक्रवार. मुलीनं नुसत्या नोंदलेल्या वारांमध्ये या दुखण्याचं मूळ होतं.

खाडा दुपारी दोनपर्यंत वहीत लिहायचा, न लिहिल्यास पैसे वजा होणार नाहीत, असं ठरलं. भात दोन खेपांत शिजवायचा, दुसरी खेप रांग पाहून लावायची. तरीही उरलाच तर परातींत दोन बोटं जाड पसरून पंख्याखाली निववायचा आणि लगेच फ्रीजमध्ये. त्यासाठी संस्थेनं दुसरा फ्रीज घेतला. तो मिळायला मात्र अडीच महिने लागले. तोवर उरलेला भात टाकायचा, आणि खर्च अर्धा-अर्धा वाटून घ्यायचा. परातीची ही पद्धत मावशींनी दोन दिवसांत अंगवळणी पाडून घेतली.

पत्र लिहायला बसलेल्या मुलामुलींना आणखी थोडं सांगते. पत्राच्या दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पोच नसलेलं पत्र कुणालाही सापडत नाही. एकटीनं सही करायची भीती वाटत असेल, तर मेस कमिटीच्या दोघा-तिघांनी मिळून करा. बिननावी पत्र नको, कारण वॉर्डनला पुढची माहिती विचारायला माणूसच उरत नाही. डब्यात भरून ठेवलेलं अन्न पुरावा म्हणून फारसं उपयोगी पडत नाही. अधिकृत नमुना अन्न सुरक्षा अधिकाऱ्यानं रीतसर घ्यावा लागतो. मेसच्या भिंतीवर चौदा आकडी परवाना क्रमांक लावलेला असला पाहिजे, तो पत्रात उतरवून घ्या. नसेल तर तसं लिहा. वॉर्डननं दिलेल्या मुदतीत काहीच केलं नाही, तर पोच असलेली हीच प्रत जोडून जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहायक आयुक्तांकडे तक्रार करता येते. आणि एकाच वेळी अनेकांना उलट्या होत असतील, तर पत्र नंतर. आधी डॉक्टर, आणि त्याच क्षणी वॉर्डनला फोन.

आणि ज्या वॉर्डनच्या हातात असं पत्र पडेल, त्यांना माझी विनंती आहे. कॉन्ट्रॅक्टरला बोलावण्याआधी रात्री साडेदहाला एकदा स्वयंपाकघरात जा आणि टोपाचं झाकण उघडून पाहा.