बीकरमधलं स्पिरिट पेटलं कसं? प्रयोगशाळा सहायकाने सांगितलेली हकीकत

मी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. मार्च महिन्यात आमच्या जीवशास्त्राच्या लॅबमध्ये छोटी आग लागली. एका मुलाची दोन बोटं भाजली, बाकी नुकसान नाही. त्याचा अहवाल मी प्राचार्यांना दिला. पण गावात चर्चा वेगळीच सुरू झाली, "बाटलीचा स्फोट झाला" म्हणून. म्हणून नक्की काय झालं ते इथे सांगतो.

प्रयोग साधाच होता, शाळेतही दाखवतात. जास्वंदीच्या पानात स्टार्च आहे का, ते बघायचं. पान आधी पाण्यात उकळतात, मग स्पिरिटमध्ये गरम करून त्याचा हिरवा रंग काढतात आणि शेवटी आयोडीनचे थेंब टाकतात. स्टार्च असेल तर पान निळं-काळं होतं. हे स्पिरिट म्हणजे इथेनॉल, आपल्या साखर कारखान्यांत मळीपासून बनतं तेच.

स्पिरिट थेट आचेवर ठेवत नाहीत. मोठ्या बीकरमध्ये पाणी उकळायचं, बर्नर बंद करायचा आणि मगच स्पिरिटचं लहान भांडं त्या गरम पाण्यात ठेवायचं, अशी रीत आहे. स्पिरिट ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १००ला, त्यामुळे नुसत्या गरम पाण्यातही ते उकळायला लागतं.

त्या दिवशी एका टेबलावर पाणी निवलं आणि पानाचा रंग अर्धाच उतरला. तास संपत आलेला. मुलांनी लहान बीकर पाण्यातच ठेवून खालचा बर्नर पुन्हा पेटवला. "सर, मध्ये पाणी होतं की," असं ती नंतर म्हणाली. इथेच बऱ्याच जणांची गफलत होते. पाण्यामुळे भांड्याला आच सारखी लागते एवढंच, ज्योत तर खाली जळतच असते. १०० मिलिलिटरच्या त्या बीकरमध्ये साधारण ४० मिलिलिटर स्पिरिट होतं आणि वर झाकण नव्हतं.

पेट घेते ती स्पिरिटची वाफ. ती तयार व्हायला उकळी यायचीही गरज नाही. १३ ते १७ अंशांनाच पृष्ठभागावर इतकी वाफ जमते की ज्योत जवळ आली की भडका होतो. मार्चमध्ये आपल्याकडे खोलीच त्याच्या दुप्पट तापलेली असते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा दीडपट जड. ती वर न जाता बीकरच्या काठावरून खाली ओघळते. खाली बर्नर होताच. वाफेने तिथे पेट घेतला आणि ज्योत त्याच वाटेने वर बीकरपर्यंत आली.

स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते, खिडकीच्या उजेडात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून तर एका मुलाने बीकर उचलायला हात घातला. बीकरवरची हवा थरथरताना दिसली आणि शेजारच्या वहीची कड तपकिरी झाली, तेव्हा मला कळलं.

आधी मुलांना मागे सारलं आणि टेबलाचा गॅसचा कॉक बंद केला. मग पत्र्याची ताटली बाजूने सरकवत बीकरवर ठेवली. हवा तुटली आणि आग विझली. ताटली दहा मिनिटं तशीच ठेवली, कारण लगेच उचलली तर गरम वाफ पुन्हा पेटू शकते. अग्निशामक भिंतीवर होता, पण मुद्दाम वापरला नाही. जवळून त्याचा झोत मारला असता तर बीकर उलटून जळतं स्पिरिट टेबलभर पसरलं असतं. पाण्याचा मग ओतला तरी तेच झालं असतं. थिनर किंवा पेट्रोल असेल तर आणखी वाईट, ते पाण्यावर तरंगत जळतं. पेटलेलं भांडं उचलून बाहेर पळणं तर सगळ्यात घातक, हिंदकळून ते अंगावरच येतं.

मुलाची बोटं वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरली आणि मग त्याला दवाखान्यात नेलं. एकाने टूथपेस्ट आणली होती, ती लावू दिली नाही. तिने उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरला जखम दिसत नाही. बर्फही नको, त्याने कातडीला आणखी इजा होते.

आता या प्रयोगाला बर्नर स्पिरिटच्या टेबलावर नसतोच. पाणी दुसऱ्या टेबलावर विजेच्या किटलीत उकळून आणतो. स्पिरिट बीकरऐवजी परीक्षानळीत, फक्त १० मिलिलिटर देतो आणि मोठी बाटली कपाटात कुलपात राहते. पाणी निवलं तर ते बदलायचं, तापवायचं नाही. पानाचा रंग उतरायला पाच-सात मिनिटं जास्त लागतात, म्हणून तासिका सुरू व्हायच्या आधीच पानं पाण्यात उकळून ठेवतो.