क्रिएटिनने चेहरा सुजला की चरबी वाढली?

पूर्णेत जिमला जाणारी आपली मुलं क्रिएटिन सुरू करतात आणि आठवड्याभरात घरी अम्मी विचारते, "बेटा, तोंड का सुजलंय?" घाबरण्याआधी कारण समजून घेऊ या.

क्रिएटिन स्नायूंत साठतं आणि सोबत पाणी ओढून घेतं. सुरुवातीचे पाच-सात दिवस रोज 20 ग्रॅम घेतलं, तर हे पाणी एकदम वाढतं. ते मुख्यतः स्नायूंत राहतं, पण काहींचा चेहराही थोडा भरलेला दिसतो. लोणचं, पापड, चिप्सचं मीठ त्यात भर घालतं.

आता हिशेब पाहू. समजा, 60 किलोच्या मुलाचं वजन सात दिवसांत दीड किलो वाढलं. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 कॅलरी जादा लागतात. म्हणजे त्याने रोज नेहमीपेक्षा 1,650 कॅलरी जास्त खायला हव्यात, जवळजवळ दुप्पट जेवण. तेवढं खाल्लं नसेल, तर वाढलं ते बहुतेक पाणीच.

सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि बेंबीपाशी टेप लावा. पाण्याचं वजन काही दिवसांत वाढून थांबतं, कंबर फारशी बदलत नाही. चरबी हळूहळू वाढत राहते आणि कंबरेवर दिसते.

सुरुवातीपासून रोज 3 ते 5 ग्रॅमच घेतलं, तर स्नायू तीन-चार आठवड्यांत भरतात आणि फुगवटा कमी जाणवतो.

मात्र पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहिला, डोळ्यांभोवती सूज टिकली किंवा लघवी कमी झाली, तर क्रिएटिन बंद करून डॉक्टरांना दाखवा. ती सूज किडनीचीही असू शकते.