खाते लेकीचे, सही आईची

बँकेच्या पासबुकावर मुलीचे नाव असते आणि त्याखाली 'अ.पा.क.' म्हणून आईचे किंवा वडिलांचे. अज्ञान पालनकर्ता. सातबाऱ्यावरही हीच तीन अक्षरे दिसतात आणि दोन्हीकडे अर्थ एकच असतो. मालक मूल आहे, मोठ्या माणसाने फक्त त्याच्या वतीने सही करायची. घरात मात्र बहुतेक वेळा उलटे धरले जाते. 'मुलीच्या नावावर ठेवलेत, पण आपलेच आहेत' असे आपण सहज म्हणून जातो. पुढे होणारा सगळा मनस्ताप या एका वाक्यातून येतो.

खाते उघडणे तसे सोपे आहे. मुलाचा जन्मदाखला, आधार, आई किंवा वडिलांची ओळखीची आणि पत्त्याची कागदपत्रे, दोघांचे फोटो एवढ्यावर काम होते. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ रोजी सगळ्या बँकांसाठी हे नियम नव्याने मांडले. कोणत्याही वयाच्या मुलाचे बचत किंवा मुदत ठेवीचे खाते पालकामार्फत उघडता येते. मूल १० वर्षांचे झाले की त्याला स्वतःच्या सहीने खाते उघडता आणि चालवताही येते, मात्र त्यात किती रक्कम ठेवायची याची मर्यादा बँक ठरवते. एटीएम कार्ड, चेकबुक, मोबाइल बँकिंग द्यायचे की नाही, हेही बँकेच्याच हाती. एक गोष्ट मात्र कुठल्याच बँकेत चालत नाही, ती म्हणजे या खात्यात उणे शिल्लक. १८ वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार कायद्याने बंधनकारक नसतो, त्यामुळे दिलेले कर्ज बँकेला तिच्याकडून वसूल करता येत नाही.

आता पालक म्हणून सही कोण करू शकतो? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात लिहिले आहे की वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. वडील जिवंत असेपर्यंत आईच्या सहीला किंमत नाही, असाच याचा अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. कादंबरीकार गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला आणि पालक म्हणून स्वतः सही केली, तेव्हा वडिलांची सही आणा, असे सांगून अर्ज परत आला. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ मध्ये निकाल लागला, की 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, तर वडील मुलाच्या कारभारात नसतील तेव्हाही. साध्या बँक खात्यासाठी तर रिझर्व्ह बँकेने १९७६ मध्येच आईला पालक म्हणून मान्यता दिली होती, आणि २०२५ च्या नियमांतही ती कायम आहे. शाखेत कोणी 'वडिलांनाच घेऊन या' म्हटले, तर आईने हा नियम पुढे करावा. नवरा परगावी नोकरीला आहे किंवा घर सोडून गेला आहे, म्हणून लेकराचे खाते अडता कामा नये.

आजी-आजोबा, काका, मामा यांची गोष्ट वेगळी. मूल त्यांच्याच घरी वाढत असले तरी केवळ नात्यामुळे ते कायदेशीर पालक होत नाहीत. आईवडील दोघेही नसतील आणि त्यांनी मृत्युपत्रात पालक नेमलेला नसेल, तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून आदेश आणावा लागतो. यात महिने जातात. म्हणून मृत्युपत्र करताना मुलांच्या पालकाचे नाव त्यात घालावे. मुलाच्या खात्याला वारस नोंदवता येतो आणि तो अर्ज पालकानेच भरायचा असतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

एक उदाहरण घेऊ. आजीने निवृत्तीच्या पैशातून ३ लाख रुपये नातीच्या नावाने ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत ठेवले. पालक म्हणून आईची सही. वर्षाचे व्याज साधारण २१ हजार. ठेव नातीची, पैसे आजीचे, तरी हे व्याज आई आणि वडील यांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. जुन्या करपद्धतीत दर मुलामागे दीड हजार रुपयांची सूट मिळते, म्हणजे साडेएकोणीस हजारांवर कर. मुलीच्या नावावर टाकले की कर वाचतो, ही समजूत त्यामुळे फोल आहे. मूल स्वतःच्या कलेने किंवा कष्टाने कमावत असेल, तर मात्र ते उत्पन्न त्याचे स्वतःचे धरले जाते.

मध्येच घराचे काम निघाले आणि ठेव मोडायची ठरली, तर बँक आईकडून लेखी घेते की ही रक्कम मुलीच्या हितासाठीच वापरली जाईल. हा कागद डोळे मिटून सही करण्याचा नाही. पालकाला खर्चाची मुभा आहे ती मुलीच्या फीसाठी, औषधपाण्यासाठी, तिच्या गरजेसाठी. आईवडील वेगळे झाले आणि पैशाचा वाद कोर्टात गेला, की हाच कागद पुढे येतो. मोठी रक्कम काढताना पावत्या जपून ठेवाव्यात, असे मला फार वाटते.

आता ही नात १८ वर्षांची होते. समजा ९ जूनला वाढदिवस आणि १२ जूनला कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख. १० तारखेला आई पैसे काढायला जाते, तर सही चालत नाही. खात्यात शिल्लक आहे, पण त्या दिवसापासून आईचा अधिकार संपला. ठेवही आता तिला मोडता येत नाही. मुलीने स्वतः शाखेत जायचे, नव्या सहीचा नमुना द्यायचा, फोटो, आधार, पॅन द्यायचे, खात्यातली शिल्लक मान्य असल्याचे लिहून द्यायचे आणि मोबाइल क्रमांक बदलायचा. इथेच गाडी अडते. आधारवर फोटो पाच वर्षांच्या मुलीचा, कारण पंधराव्या वर्षी करायचे बोटांच्या ठशांचे अद्ययावतीकरण राहून गेलेले. पॅन काढले असेल तरी लहानपणीच्या पॅनवर फोटो आणि सही नसते, ते नव्याने करून घ्यावे लागते. ओटीपी अजून आईच्याच फोनवर येतो. बँकेने खातेदाराला हे आधी कळवावे, असे २०२५ चे नियम सांगतात, पण पत्र जुन्या पत्त्यावर गेले तर कोणाला कळणार? सतरावे लागले की आधार तपासून घ्यावे आणि फीचे पैसे वाढदिवसाआधीच भरून टाकावेत.

काही खाती तर विसरूनच जातात. शाळेने शिष्यवृत्तीसाठी उघडायला लावलेले, बदलीच्या गावी राहिलेले. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय ठरते. शिष्यवृत्तीसाठी किंवा सरकारी योजनेसाठी उघडलेल्या शून्य शिलकीच्या खात्यांना रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून यातून सूट दिली आहे. दहा वर्षे कोणी विचारले नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. ती बुडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' या संकेतस्थळावर नाव घालून शोधता येते, आणि सापडल्यावर मुलाने, आता मोठे झालेल्या मुलाने, आपली कागदपत्रे घेऊन मूळ बँकेकडे मागणी केली की पैसे परत मिळतात.