आधी खांदे, मग भिंत

हँडस्टँड म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, पाय वर. पाय वर फेकायला फारसं लागत नाही. सहावीतली बरीच पोरं ते घरच्या गादीवरच शिकून येतात, आणि शाळेच्या जिम्नॅस्टिक्सच्या तासाला बाईंची खरी डोकेदुखी हीच शिकून आलेली मुलं असतात. बाकीच्यांना काही येत नाही, म्हणून ती सांगितलेलं ऐकतात तरी.

मी बघत होते त्या वर्गात पहिल्या दिवशी भिंतीचा उपयोग भलत्याच कामासाठी झाला. मुलांना भिंतीला पाठ लावून बसवलं, कंबर भिंतीला चिकटलेली ठेवायला सांगितली आणि कोपर न वाकवता दोन्ही हात सरळ वर न्यायला लावले. अंगठे भिंतीला टेकतात का, एवढंच बघायचं. बऱ्याच जणांचे टेकले. पण त्यातल्या काहींची कंबर भिंतीपासून सुटली होती आणि बरगड्या पुढे आल्या होत्या. म्हणजे हात खांद्यातून वर गेलेच नव्हते, पाठीला बाक देऊन ती उणीव भरून काढली होती. हेच मूल उलटं झालं की तोच बाक पाठीत दिसणार आणि सगळा भार कमरेवर येणार. बाईंनी अशा मुलांची नावं वहीत वेगळी लिहून घेतली.

त्यांना पहिल्यांदा काठीचा व्यायाम. पालथं झोपायचं, कपाळ चटईवर, हात डोक्यापुढे लांब, हातात कवायतीची काठी. कपाळ न उचलता काठी जमिनीपासून चार बोटं वर धरायची. करून बघितल्याशिवाय हे किती जड जातं ते कळत नाही. जोडीला सगळ्या वर्गाला दंडाच्या सुरुवातीच्या स्थितीत, कोपर ताठ ठेवून, खांद्यांची हालचाल. छाती दोन्ही खांद्यांच्या मध्ये जराशी खाली सोडायची आणि मग जमीन ढकलून पाठ वर न्यायची. हालचाल इंच-दोन इंचांची, पण ती फक्त खांद्याच्या फऱ्यांतून व्हायला हवी. कोपर वाकलं की तो जोर झाला. आठ-आठचे दोन फेरे झाले की मुलं कंटाळतात, त्यामुळे बाई त्यापुढे नेत नाहीत.

सूर्यनमस्कार ज्यांच्या अंगवळणी पडले आहेत त्यांना पुढची पायरी परकी वाटत नाही. पर्वतासनात हात, खांदे आणि कंबर एका रेषेत येतात. तेच पाय बाकावर ठेवून केलं की हातांवरचा भार वाढतो, आणि पाय भिंतीवर नेले की अंग काटकोनात येतं. माझ्या मते सगळं शिक्षण या काटकोनातच आहे. त्यानंतरचा भाग बराचसा धीराचा आणि सरावाचा.

हात भिंतीपासून किती लांब टेकायचे, हा त्यातला पहिला प्रश्न. अंदाजाने टेकले तर जवळ तरी पडतात किंवा लांब तरी. बाईंची रीत सोपी. मुलाने भिंतीकडे तोंड करून, पाय लांब सोडून, तळवे भिंतीला टेकवून बसायचं. बूड जिथे आहे तिथे जोडीदाराने खडूने रेघ मारायची. हात त्या रेघेवर. प्रत्येकाची रेघ वेगळी, कारण प्रत्येकाच्या पायांची लांबी वेगळी. मग रेघेवर पंजे खांद्यांइतक्या अंतरावर ठेवायचे, बोटं पसरून, टोकं भिंतीपासून बाहेरच्या बाजूला. पाय एकेक पाऊल भिंतीवर चढवत कमरेच्या उंचीवर थांबवायचे. पाय आडवे, धड उभं, कंबर बरोबर मनगटांच्या वर. सुरुवातीला दहा सेकंद, तीन वेळा, मध्ये जोडीदाराची पाळी येईल एवढी विश्रांती.

घरून शिकून आलेली एक मुलगी इथे अडकली. भिंतीला पाठ करून ती एका झटक्यात वर जायची, टाचा भिंतीवर धप्प आदळायच्या आणि पाठीची कमान तशीच लटकत राहायची. काटकोनात मात्र तिचे खांदे बोटांच्याही पुढे निघून गेले, कंबर मागे भिंतीकडे घसरली आणि पाचव्या-सहाव्या सेकंदाला कोपरं वाकली. बाजूने बघितलं तर तिचा कान पूर्ण दिसत होता, खांदा आणि कान यांच्यात चांगली दोन-तीन बोटं जागा. याचा अर्थ ती जमीन ढकलत नव्हती, खांद्यांत बसली होती. शिवाय मान वर करून समोरची मुलं बघत होती, त्यामुळे पाठ आणखी वाकत होती.

बाई तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या. "अगं, खाली बघ, दोन हातांच्या मध्ये. आता छाती भिंतीकडे ने. हां. आणि कान झाक." शेवटची सूचना तिला पटकन कळली. खांदे कानांकडे चढले तशी ती अक्षरशः बोटभर उंच झाली आणि वाकलेली कोपरं आपसूक सरळ झाली. पायांना कोणी हात लावला नव्हता. बाईंनी तिला उडी मारून वर जायला बंदी केली, काटकोन वीस सेकंद स्थिर राहीपर्यंत. ती रुसली, पण जोडीदाराची खडूची रेघ नीट मारू लागली.

काटकोन जमला की पोट भिंतीकडे ठेवूनच पूर्ण वर. पाय चढवत न्यायचे, हात थोडे थोडे भिंतीजवळ आणायचे. सुरुवातीला भिंतीपासून हातभर अंतर पुरे, वीतभर अंतरावर यायला वेळ जातो. पोट भिंतीकडे असलं की कमान करायला जागाच उरत नाही, म्हणून ही बाजू आधी. पण तिची एक अडचण आहे. दमलेलं मूल भिंत आणि हात यांच्यात कोंडतं. त्यामुळे वर जाण्याआधी उतरणं शिकवतात: हात पुढे टाकत पाय घसरवत खाली, आणि ते जमत नसेल तर एक हात उचलून बाजूला वळायचं व पाय एकामागून एक टेकायचे. हे आधी पाय कमरेएवढ्या उंचीवर असतानाच करून घेतात. जोडीदार बाजूला उभा राहतो, पायांच्या वाटेत नाही.

पाठ भिंतीला करून उडी मारण्याची पाळी यानंतर येते. हात वीतभर अंतरावर, बोटं भिंतीकडे, एक पाय पुढे, हात कानांना लावूनच खाली जायचं. इथे बाई बघण्यापेक्षा ऐकतात. टाच धप्पकन लागली तर लाथ जास्त झाली, हळूच टेकली तर बरोबर. वरती टिकल्यावर एक टाच भिंतीपासून सोडायची, मग दुसरी. तोल पाठीच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, जाऊ लागला की बोटं जमिनीत रुतवायची. दोन-तीन सेकंद भिंतीशिवाय गेले तर वर्गात आरडाओरडा होतो.

मनगटाच्या पाठीमागच्या बाजूला दुखतंय असं मूल म्हणालं तर त्या दिवशी हातांवर भार बंद. या वयात मनगटाजवळचा हाडाचा वाढीचा भाग कच्चा असतो आणि वारंवार भार आला की तिथेच त्रास होतो. जाड मऊ गादीवर पंजा रुततो आणि मनगट आणखी मागे वळतं, म्हणून हात पातळ चटईवर आणि गादी फक्त पडण्याच्या जागी. दुखणाऱ्या मुलाला काठीचा व्यायाम देतात. दुखणं रेंगाळलं तर पालकांना सांगून डॉक्टरांना दाखवायला लावतात, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत ते मूल खडूच्या रेघा मारतं.