यूट्यूबचा रिटेन्शन ग्राफ: पब्लिश झालेल्या व्हिडिओला नेमकी कुठे कात्री लावायची?

व्हिडिओ पब्लिश झाला, व्ह्यूजही येत आहेत, पण लोक मध्येच निघून जातात. अशा वेळी अनेक क्रिएटर्स तो व्हिडिओ डिलीट करून नव्याने अपलोड करतात आणि जुन्या लिंकवर जमलेले व्ह्यूज, कमेंट्स गमावतात. खरं तर यूट्यूब स्टुडिओमध्ये पब्लिश झालेल्या व्हिडिओतलाही नको असलेला भाग कापता येतो. लिंक तीच राहते, व्ह्यूजही तसेच राहतात. पण नवं फुटेज त्यात घालता येत नाही, फक्त कापता येतं. त्यामुळे काय कापायचं हे ठरवणं महत्त्वाचं, आणि ते सांगतो रिटेन्शन ग्राफ.

हा ग्राफ नेमकं काय दाखवतो?

कॉम्प्युटरवर यूट्यूब स्टुडिओ उघडून व्हिडिओच्या Analytics मध्ये गेलात की Key moments for audience retention या नावाखाली एक रेषा दिसते. आडवी बाजू म्हणजे व्हिडिओची वेळ, उभी बाजू म्हणजे त्या क्षणी किती टक्के प्रेक्षक पाहत होते. तिसऱ्या मिनिटाला रेषा ४५ वर असेल, तर १०० पैकी ४५ वेळा तो क्षण पाहिला गेला. ही आकडेवारी यायला साधारण एक-दोन दिवस लागतात.

रेषा हळूहळू उतरणं नैसर्गिक आहे. ती प्रत्येकच व्हिडिओत उतरते. पाहायचं ते तिचा आकार अचानक बदलतो त्या जागा. त्या ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात.

पहिला खळगा. रेषा खाली जाते आणि पुन्हा वर येते. म्हणजे लोक व्हिडिओ सोडून गेले नाहीत, तेवढा भाग पुढे ढकलून परत पाहू लागले. दुसरी पायरी. रेषा एकदम खाली येते आणि खालीच राहते. म्हणजे लोक निघून गेले. तिसरा उंचवटा. तो भाग लोकांनी मागे जाऊन पुन्हा पाहिला किंवा थेट तिथेच उडी मारली.

कात्री लावायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे खळगा, कारण प्रेक्षकांनी तो भाग स्वतःच कापून पाहिलेला असतो. पायरीचं तसं नाही. माणूस ज्या सेकंदाला गेला, त्याचं कारण बहुतेकदा त्याच्या आधीच्या काही सेकंदांत असतं.

एक उदाहरण पाहू

समजा, पुरणपोळीचा ९ मिनिटं २० सेकंदांचा व्हिडिओ आहे. (यातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.) ग्राफवर चार जागा नजरेत भरतात.

०:१२ पासून रेषा झपाट्याने घसरते आणि ०:४८ ला ती ५८ टक्क्यांवर असते. या ३६ सेकंदांत चॅनेलचं नाव, लोगो आणि सबस्क्राइब करण्याची विनंती आहे. घसरण याच भागात होत असल्याने तो पूर्ण कापायला हरकत नाही.

२:१० ते २:५५ मध्ये खळगा आहे. ४६ वरून रेषा ३५ वर जाते आणि पुन्हा ४५ वर येते. इथे कुकरच्या शिट्ट्या होत आहेत. पण कापण्याआधी हा भाग आवाजासह ऐकायला हवा. कारण याच ४५ सेकंदांत एक वाक्य आहे: ‘डाळीचं पाणी टाकू नका, कटाच्या आमटीला लागेल.’ तेही गेलं, तर पुढे आमटीचा उल्लेख आल्यावर ‘पाणी कुठून आलं?’ असा प्रश्न पडेल. म्हणून वाक्याचे दहा सेकंद ठेवून ३५ सेकंद कापायचे.

५:४० ला उंचवटा आहे. इथे उंडा भरून कडा बंद करण्याची कृती आहे. उंचवटा दिसला की तो भाग आवडला असं लगेच मानू नये. हात भराभर चालल्यामुळे कृती समजली नसेल, म्हणूनही लोक मागे जातात. कमेंट्समध्ये ‘पोळी फुटते’ अशा तक्रारी असतील तर कारण दुसरं आहे. ते कापून सुधारत नाही. पुढच्या व्हिडिओत तो भाग सावकाश दाखवावा लागेल.

७:५० ला मोठी पायरी आहे. ‘झाली आपली पोळी तयार’ हे वाक्य आलं आणि लोक निघाले. पुढे दीड मिनिट गप्पा आहेत. घसरण मोठी दिसते म्हणून हात इथेच शिवशिवतात. पण हे लोक कंटाळून गेलेले नाहीत. त्यांचं काम झालं होतं.

मग शेवट कापायचा की नाही?

इथे साधं गणित आहे. सुरुवातीचे ३६ आणि कुकरचे ३५ सेकंद गेले की व्हिडिओ ८ मिनिटं ९ सेकंदांचा उरतो. शेवटचं एक मिनिटही काढलं तर तो ७ मिनिटं ९ सेकंदांवर येतो. कमाई सुरू असलेल्या चॅनेलवर मधल्या जाहिराती लावायच्या तर व्हिडिओ किमान ८ मिनिटांचा लागतो. म्हणजे शेवट कापून रेषा देखणी होईल, पण मधल्या जाहिराती जातील. शिवाय शेवटच्या सेकंदांत लावलेल्या एंड स्क्रीनची जागाही पुन्हा तपासावी लागेल. हा शेवट तसाच ठेवलेला बरा.

कापायचं कसं?

व्हिडिओच्या Editor मध्ये Trim & cut निवडा, नको असलेला भाग ठरवा, जोड कसा ऐकू येतो ते तपासा आणि मगच Save करा. बदल दिसायला काही तास लागू शकतात, तोवर जुनाच व्हिडिओ चालू राहतो. डिस्क्रिप्शनमध्ये टाइमस्टॅम्प दिले असतील तर ते हाताने बदला, सबटायटल्सही एकदा पाहून घ्या. मूळ फाइल स्वतःकडे जपून ठेवा. एक मर्यादा लक्षात असू द्या: १ लाखापेक्षा जास्त व्ह्यूज असलेल्या व्हिडिओत असे बदल सेव्ह करता येतीलच असं नाही. यूट्यूब पार्टनर प्रोग्राममधल्या चॅनेल्सना ही अट लागू नाही.

फरक पडला हे कसं ओळखायचं?

इथे फसगत होते. समजा, लोक सरासरी ३ मिनिटं ४४ सेकंद पाहत होते. ९:२० च्या व्हिडिओत हे ४० टक्के होतात. व्हिडिओ ८:०९ चा झाला की तेवढेच सेकंद जवळपास ४६ टक्के दिसतात. कोणी एक सेकंदही जास्त पाहिलेलं नसतं, फक्त व्हिडिओ लहान झालेला असतो.

म्हणून टक्केवारीची सरासरी न पाहता एकच दृश्य धरा. उंडा भरण्याचा क्षण आधी ५:४० ला होता, आता तो ४:२९ ला येईल. त्या क्षणापर्यंत आधी किती टक्के लोक पोहोचत होते आणि बदलानंतरच्या दिवसांत किती पोहोचतात, हे ताडून पाहा. दोन्ही वेळचा प्रेक्षकही सारखा हवा. होळीच्या आठवड्यात पुरणपोळी सर्च करून आलेला माणूस पोळी करायलाच बसलेला असतो, तो एरवीच्या प्रेक्षकापेक्षा जास्त वेळ थांबणारच. तेव्हाच्या आकड्यांचं श्रेय कात्रीला देता येणार नाही.