जाळीमागची जागा

सकाळी ८. नाशिकमधली साइट, तिसरा मजला. आजचं काम हॉल आणि शेजारच्या फ्लॅटमधल्या नऊ इंची भिंतीचं. भिंत दोन कॉलमच्या मध्ये बारा फूट लांब, विटकाम साडेआठ फूट उंच आणि वर बीम. वीट आणि काँक्रीट दोन्ही बाजूंनी एका पातळीत आहेत, त्यामुळे गिलावा झाल्यावर जोड कुठे आहे ते डोळ्यांना दिसणार नाही. पण जोड तिथेच राहतो. विटकामातला माल वाळताना आकसतो आणि भिंत कणभर खाली बसते. बीमही सुकताना आकसतो, शिवाय वरच्या वजनाने किंचित वाकतो. ही ओढाताण त्या एका रेषेवर येते आणि वर्ष-दोन वर्षांत बीमच्या खाली दोरी धरून आखल्यासारखी सरळ, आडवी भेग उमटते.

सव्वानऊ. मिस्त्रीमामांनी बीम आणि कॉलमवर टाचे मारायला माणूस लावला आहे. मी खिळा घेऊन बीमखालचा सांधा तपासत जातो. खिळा टेकला की थांबायला हवा. मध्यभागी तीन फुटांच्या पट्ट्यात तो दीड इंच आत गेला.

“मामा, हे भरलंच नाही.”

“वरून थापी फिरवलीय फक्त, साहेब. बाहेरून भरल्यासारखं दिसतंय.”

शेवटचा थर निदान आठवडाभर थांबून लावायचा आणि त्याच्यावरची फट दोन्ही बाजूंनी घट्ट माल ठोकून भरायची, असं ठरलेलं होतं. घाई झाली. पोकळ फटीवर जाळी मारली तर जाळी फक्त भेग लपवते, तीही थोडे दिवस. एकाला तीन कोरडसर माल करून लाकडी पट्टीने तो आत ठोकायला सांगितला. त्या तीन फुटांची जाळी आज थांबली.

साडेदहा. जाळी कापायला बसलो. चिकन मेश म्हणतात ती षटकोनी घरांची, जस्त चढवलेली. रोल तीन फूट रुंद, पन्नास फूट लांब, म्हणजे एक फुटी तीन पट्ट्या. भिंतीच्या एका बाजूला बीमखाली बारा आणि कॉलमलगत साडेआठ-साडेआठ, एकूण एकोणतीस फूट. दोन्ही बाजूंना अठ्ठावन्न, आणि जिथे पट्टी संपते तिथे चार इंच चढवणी. पट्टी सांध्यावर मधोमध बसली पाहिजे: सहा इंच विटेवर, सहा इंच काँक्रीटवर. चार इंच इकडे आणि आठ इंच तिकडे झाली की अरुंद बाजू गिलाव्यासकट सुटते.

साडेअकरा ते दीड. खरं काम हे. मामांनी काल संध्याकाळी सांध्याच्या दोन्ही बाजूंना मालाचे पाव इंच जाडीचे छोटे ठिपके लावले होते. ते आता कडक झालेत आणि जाळी त्यांच्यावर टेकते, त्यामुळे भिंतीपासून थोडी सुटी राहते. या सुट्या जागेवर माझा सगळा हट्ट असतो. जाळी भिंतीला चिकटली की माल तिच्या मागे जात नाही. मग तार गिलाव्याच्या पोटात न राहता त्याच्या पाठीशी पडते आणि गिलावा व भिंत यांच्यामध्ये पातळ पोकळी तयार होते. आधी एका इमारतीत मी हे पाहिलं आहे. भेग आली नाही, पण बोटाने वाजवल्यावर बीमखालचा पट्टा डबडब वाजत होता, आणि तो सगळा उतरवावा लागला.

एक फुटावर एक खिळा, वरच्या आणि खालच्या काठावर आडमोहरा. काँक्रीटमध्ये स्टीलचे खिळे वायसरसकट. एकाने जाळी ओढून धरायची, दुसऱ्याने ठोकायचं. सैल जाळी थापीखाली उसळते, म्हणून पोट आलेलं दिसलं की मी ती काढून पुन्हा ताणायला लावतो. काँक्रीटचा टवका उडाला की खिळा दोन बोटं सरकवायचा, त्याच भोकात नाही.

अडीच. पलीकडच्या खोलीत चार इंची भिंत आहे, तिथे बीम बाहेर डोकावतो. पट्टी सपाट बसणारच नाही, म्हणून तिथे गिलावा करताना सांध्यात सरळ खाच सोडायची. मामांना पटलं.

साडेतीन. विटेवर पाणी मारलं, काँक्रीटवर घोटून सिमेंटची पातळ खीर लावली. मग एकाला तीन माल थापीने जाळीच्या घरांतून दाबून भरला. मामा थापी जोराने दाबतात, पसरत नाहीत. मालाने जाळी जेमतेम झाकली की थांबतात आणि त्यावर तारेच्या ब्रशने खरवडे ओढतात, कारण उद्याचा सपाट थर धरायला जागा लागते. एके ठिकाणी ओली तार वर दिसली. वरून माल थापण्याऐवजी तिथला भाग उकलून पुन्हा दाबून भरला.

साडेपाच. भरलेल्या पट्ट्यांवर ओलं गोणपाट लावलं. उन्हाच्या खिडकीसमोरचा पट्टा लवकर वाळतो, तिथे दोन पदर. फटीच्या तीन फुटांवर खडूने “उद्या जाळी” लिहिलं आणि मामांनी खिळा तिथेच, काठावर टेकवून ठेवला.