‘मा. श्री. साहेबांच्या सेवेशी’ किती वेळा? अर्जातला मायना छोटा करा, आदर कायम ठेवा

सोसायटीच्या बी विंगला चार दिवस पाणी नीट येत नाही. सचिव महापालिकेला पत्र लिहितात. ते बऱ्याचदा असं होतं :

“सन्माननीय, आदरणीय मा. श्री. कार्यकारी अभियंता साहेब यांच्या सेवेशी सविनय सादर. सर्वप्रथम आपणांस सादर प्रणाम. आपल्यासारख्या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्यांचा आम्हांस अभिमान आहे. आपणांस नम्र विनंतीपूर्वक कळवू इच्छितो की, आमच्या इमारतीत पाण्याचा दाब कमी आहे. तरी मेहेरबान साहेबांनी कृपावंत होऊन कृपया योग्य ती कार्यवाही करण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.”

शेवटच्या एका वाक्यात ‘कृपा’ तीनदा आली. पण कोणत्या विंगला, कधीपासून, नेमकं काय करायचं, हे कुठेच नाही. मग हे सगळं काढून टाकायचं का?

सगळं काढलं तर काय होतं?

“बी विंगला पाणी कमी येतंय. लगेच दुरुस्त करा.” मुद्दा कळला, पण पत्र उद्धट झालं. त्याचं कारण ‘सन्माननीय’ गेलं हे नाही. कारण आहे ‘करा’. ही थेट आज्ञा झाली. त्याऐवजी “दुरुस्ती करावी, ही विनंती” लिहिलं, की तेच वाक्य सभ्य होतं.

मराठीत आदर विशेषणांपेक्षा क्रियापदात आणि सर्वनामात जास्त असतो. “आपले कनिष्ठ अभियंता पाहणीला आला होता” असं लिहिलं, तर वर पाच वेळा ‘आदरणीय’ लिहूनही उपयोग नाही. तिथे ‘आले होते’ हवं. तसंच सुरुवातीला ‘आपण’ आणि शेवटी ‘तुमच्याकडून’ अशी सरमिसळही खटकते. म्हणून कात्री विशेषणांवर चालवा, क्रियापदांना हात लावू नका.

काय ठेवायचं?

पदाआधी एक ‘मा.’ पुरे. ‘मा.’ म्हणजेच माननीय, त्यामुळे ‘सन्माननीय’ आणि ‘आदरणीय’ ही पुनरुक्ती होते. पत्र पदाला असेल तर ‘श्री.’ आणि ‘साहेब’ दोन्ही नकोत. त्या खुर्चीत महिला अधिकारी असतील तर ‘श्री. साहेब’ थेट चुकतंच. पदाच्या नावाने लिहिलेलं पत्र अधिकाऱ्यांची बदली झाली तरी योग्य व्यक्तीकडे जातं.

मायना म्हणून ‘महोदय/महोदया’ हा एकच शब्द ठेवा. विनंती एकदाच, शेवटच्या वाक्यात. ‘करावी’ आणि ‘ही विनंती’ एकत्र आले, की ‘कृपया’ची गरज उरत नाही. कौतुकाचं वाक्य पूर्ण काढा. तक्रारीच्या पत्रात ते अनेकदा टोमण्यासारखं वाचलं जातं.

आता तेच पत्र

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग

विषय : बी विंगमध्ये ४ दिवसांपासून कमी दाबाने पाणी येत असल्याबाबत

महोदय/महोदया,
आमच्या सोसायटीच्या बी विंगमध्ये सोमवारपासून कमी दाबाने पाणी येत आहे. ए विंगमध्ये दाब नेहमीसारखा आहे. टाकी व पंप आम्ही प्लंबरकडून तपासून घेतले, त्यांत दोष आढळला नाही. तरी बी विंगच्या नळजोडणीची पाहणी करून आवश्यक ती दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही)
सचिव

इथे आदराच्या खुणा मोजा : ‘मा.’, ‘महोदय/महोदया’, ‘करावी, ही विनंती’ आणि ‘आपला विश्वासू’. चार जागा, प्रत्येक ठिकाणी एकदाच. विषयाच्या ओळीकडेही लक्ष द्या. आवक नोंदवहीत सहसा तीच उतरवली जाते. तिथे नुसतं ‘पाण्याबाबत’ लिहिलं, तर नोंदीवरून कुणालाच काही कळत नाही.

कात्री कुठे चालवू नये?

‘डॉ.’ किंवा ‘अ‍ॅड.’ ही फुलं नाहीत, ती पदवी आणि व्यवसायाची ओळख आहे. मंत्र्यांच्या नावाआधीचं ‘ना.’ म्हणजे नामदार, तेही राहू द्या. न्यायालयातल्या अर्जाचा मायना ठरलेला असतो, तिथे स्वतःची शैली नको. निमंत्रण आणि आभाराच्या पत्रात कौतुक हाच मुद्दा असतो, तिथे एक-दोन वाक्यं शोभतात.

मायना छोटा होणं मराठीला नवीन नाही. एके काळी नावाआधी ‘राजमान्य राजेश्री’ असे. त्याचं ‘रा. रा.’ झालं आणि पुढे नुसतं ‘श्री.’ उरलं. त्यात कुणाचा अपमान झाला नाही.

पत्र पाठवण्याआधी एकच तपासणी करा. ‘महोदय’नंतरचं पहिलं वाक्य वाचा. त्यात तुमची अडचण नसेल, तर ते वाक्य खोडा. मग प्रत्येक क्रियापद पाहा. कुठे ‘करा’, ‘द्या’, ‘पाठवा’ असेल, तर तिथे ‘करावे’, ‘द्यावे’, ‘पाठवावे’ करा.